कंपनीचं बँक खातं बदलतंय – ग्राहकांना पत्र कसं पाठवावं?

शिरोलीकर
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे, मी अकाउंट्स बघतो. सीसी लिमिट दुसऱ्या बँकेने टेकओव्हर केली, त्यामुळे जुन्या बँकेतलं खातं बंद होणार आणि १ जुलैपासून सगळी वसुली नव्या खात्यात घ्यायची आहे. ग्राहक साठ-सत्तर. त्यात तीन-चार मोठ्या कंपन्या, बाकी आपल्यासारखेच मशीन शॉपवाले. मालक म्हणतात, "एक मेल टाक सगळ्यांना, झालं." मी हा मसुदा केलाय:

"महोदय, कळविण्यात येते की आमचे बँक खाते बदलले आहे. यापुढील सर्व रकमा खालील खात्यात भराव्यात. (खाते क्रमांक, आयएफएससी.) सोबत कॅन्सल्ड चेक जोडला आहे. शंका असल्यास या मेलला उत्तर द्यावे किंवा खालील मोबाईलवर संपर्क साधावा. जुन्या खात्यात पैसे भरल्यास कंपनी जबाबदार राहणार नाही."

खाली एक ओळ टाकायची आहे की भरण्याआधी खात्री करून घ्या. ती कशी लिहू?

मंदाताई
अहो, पैसे अजिबात भरू नका! आमच्या सोसायटीत अगदी असाच मेल आला होता, लिफ्टच्या मेंटेनन्सचं खातं बदललं म्हणून. लगेच १९३० ला फोन करा.

शिरोलीकर
ताई, मेल मला आलेला नाही, मीच पाठवणार आहे :)

मंदाताई
अगंबाई, उलटं वाचलं की मी! पण मग तुमचा मेल आणि तो चोराचा मेल, दोन्ही वाचायला सारखेच लागतात हो.

मुनीमजी
मंदाताईंनी चुकून नेमकं बोट ठेवलंय. शिरोलीकर, तुमचा मसुदा एकदा चोर म्हणून वाचा. एकही शब्द बदलावा लागत नाही, फक्त खाते क्रमांक आणि मोबाईल नंबर त्याचा टाकायचा. "शंका असल्यास या मेलला उत्तर द्या" हे वाक्य तर त्याच्या फार सोयीचं, कारण उत्तरही त्यालाच जाणार. ज्या कागदावर शंका घ्यायची, त्याच कागदावरचा नंबर खात्रीसाठी दिला तर ती खात्री होत नाही. पत्रात फोन नंबर देऊच नका. "आमचा जो नंबर तुमच्याकडे पूर्वीपासून आहे, जुन्या पीओवर किंवा जुन्या बिलावर, त्यावर तुम्ही स्वतः फोन करा" असं लिहा.

कॅन्सल्ड चेकचंही तेच. त्याचा स्कॅन फोटोशॉपमध्ये दहा मिनिटांत बनतो, बँकेच्या शिक्क्याचं पत्रही बनतं. ग्राहकाच्या ऑडिटरला फाइलमध्ये कागद लागतो म्हणून ते जोडायचं, त्याने कुणाची खात्री पटते म्हणून नव्हे.

झणझणीत
किती किचकट करताय राव. व्हॉट्सॲप ग्रुपवर मालकांचा व्हॉइस मेसेज टाका, विषय संपला.

कर_सल्लागार
इतकं घाबरायचं कारण नाही. ग्राहकाला खात्री करायला सरकारी सोय आहे. नवीन खातं जीएसटी पोर्टलवर चढवायचं, ग्राहक तिथे बघेल. शिवाय तुम्हाला ई-इन्व्हॉइस लागू असेल तर बिलावर क्यूआर असतोच. तो स्कॅन केला की बिल खरं की खोटं ते कळतं. खोटं बिल त्यात पास होत नाही.

मुनीमजी
कर_सल्लागार, निम्मं बरोबर. नोंदणीत खातं बदलायलाच हवं आणि ते सोपंही आहे, नॉन-कोअर दुरुस्ती असल्याने अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही. पण ती माहिती तुमच्या लॉगिनमध्ये दिसते. ग्राहक बाहेरून जीएसटीआयएन टाकून शोधतो तेव्हा त्याला कायदेशीर नाव, ट्रेड नेम, पत्ता, नोंदणी चालू आहे की रद्द अशी माहिती दिसते. बँक खातं दिसत नाही.

क्यूआरच्या बाबतीत तर उलटा धोका आहे. त्यात दोघांचे जीएसटीआयएन, बिल नंबर, तारीख, रक्कम, मुख्य एचएसएन, आयआरएन असतं. खाते क्रमांक त्यात नसतो. तुमच्या मेलबॉक्समधून चोराने खरंच गेलेलं बिल उचललं, पीडीएफमध्ये फक्त तळाची बँकेची ओळ बदलली आणि पुढे पाठवलं, तर क्यूआर हिरवाच दाखवणार, कारण बिल खरं आहे. आणि ग्राहकाचा क्लार्क म्हणणार, "स्कॅन करून बघितलं की साहेब."

कर_सल्लागार
क्यूआरचं मान्य. पण बँक नाव जुळवतेच ना? आमच्या कंपनीच्या नावाने पैसे पाठवले आणि खातं भलत्याच माणसाचं निघालं तर बँक परत करेल.

मुनीमजी
नाही करत. एनईएफटी-आरटीजीएसमध्ये जमा खाते क्रमांकावर होते. नाव तुम्ही काहीही टाईप करा, क्रमांक आणि आयएफएससी बरोबर असला की पैसे गेले. रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ ला परिपत्रक काढून बँकांना सांगितलं की पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्या, तीही फुकट. ती सोय वापरायला आपल्या ग्राहकाला जरूर सांगा. पण नाव दाखवलं तरी ते वाचून थांबायचं काम माणसाचंच. शेकडो पेमेंटची फाइल एकदम चढवणाऱ्या कंपनीत एकेक नाव कोण बघतं? आणि तुमच्यासारख्याच नावाची प्रोप्रायटरशिप काढून चालू खातं उघडणारे महाभाग आहेत. 'इंडस्ट्रीज'च्या जागी 'एंटरप्रायझेस' दिसलं तर संध्याकाळी सहाला किती जणांच्या लक्षात येईल?

द्राक्षबाग_निफाड
माझं एक्स्पोर्टचं आहे, पण लिहितो. ऐन सीझनमध्ये हॉलंडच्या बायरला आमच्या नावाने मेल गेला: ऑडिट चालू असल्याने आमचं भारतातलं खातं तात्पुरतं बंद आहे, दोन कंटेनरचे पैसे या खात्यात टाका. खातं पोलंडमधलं. मेलमध्ये कंटेनर नंबर बरोबर, बीएल नंबर बरोबर, मी शेवटी "वॉर्म रिगार्ड्स" लिहितो तेसुद्धा बरोबर. तिथल्या अकाउंट्सच्या बाईंनी फोन करून विचारलं, "नाशिकच्या द्राक्षांचे पैसे पोलंडला का?" म्हणून वाचलो. आमचा खरा मेल पत्ता आणि त्यांना आलेला, दोन्ही शेजारी ठेवून बघितले तेव्हा एक अक्षर वेगळं होतं. m च्या जागी r आणि n.

उत्तरा_लंडन
मी इथे एका कंपनीत पेएबल्समध्ये आहे, म्हणजे असे मेल माझ्याच टेबलावर येतात. ब्रिटनमध्ये २०२० पासून नाव जुळवण्याची पद्धत आहे, युरो क्षेत्रातल्या बँकांना ती ऑक्टोबर २०२५ पासून सक्तीची झाली. पण ती तिथल्या तिथल्या खात्यांपुरती. मी भारतातल्या खात्यात स्विफ्टने पैसे पाठवते तेव्हा असं काही जुळवलं जात नाही. त्यामुळे द्राक्षबाग, तुम्ही उद्या खरंच बँक बदललीत तर बायरला आधी व्हिडिओ कॉलवर सांगा, कागद नंतर पाठवा.

शिरोलीकर, आमच्याकडे फोन करायचा एक नियम आहे. क्रमांक आम्ही वाचायचा नाही. समोरच्याला सांगायचं, "तुमच्याकडे बघून तुम्ही वाचा", आणि आम्ही कागदाशी जुळवायचं. आम्ही वाचला तर घाईत असलेला माणूस "हो हो बरोबर" म्हणून मोकळा होतो.

मुनीमजी
हा नियम उत्तम. आणि असल्या चोऱ्या नुसत्या लहानांच्या नाहीत. २०१५ चं ओएनजीसीचं प्रकरण आठवत असेल. नाफ्था सौदी अरामकोला विकला, आणि ongc च्या जागी ognc असलेल्या पत्त्यावरून मेल जाऊन सुमारे १९७ कोटी भलत्याच खात्यात गेल्याची तक्रार मुंबई पोलिसांकडे झाली होती.

पण शिरोलीकरांचा खरा धोका वेगळा आहे, आणि तो पत्र पाठवल्यानंतर सुरू होतो. मी ज्या ग्रुपचं इंटर्नल ऑडिट करायचो तिथलं सांगतो. सप्लायरने खरंच खातं बदललं. सोमवारी त्यांचं खरं पत्र आलं, आमच्या माणसाने फोन केला, खात्री केली, सिस्टीममध्ये बदल केला. सगळं शिस्तीत. बुधवारी त्याच विषयाच्या मेलवर, त्याच साखळीत, उत्तर आलं: "सोमवारच्या पत्रात टंकलेखनाची चूक झाली, दुरुस्त क्रमांक सोबत." आता दोनच दिवसांपूर्वी फोन करून खात्री केलेली आहे. दुसऱ्यांदा कोण करतो? 'दुरुस्ती' म्हणून बदल झाला आणि शुक्रवारच्या पेमेंट रनमध्ये सव्वाअकरा लाख गेले. सप्लायरने पुढच्या महिन्यात आठवण केली तेव्हा कळलं. तोपर्यंत त्या खात्यात शिल्लक काही उरलेलं नव्हतं.

चोर सप्लायरच्या मेलबॉक्समध्ये आधीपासून बसलेला होता. तो खातं बदलण्याचा मेल स्वतः पाठवत नाही, तुम्ही पाठवायची वाट बघतो. तुमच्या खऱ्या पत्राने ग्राहकाच्या मनात "हो, यांचं खातं बदलतंय" हे पक्कं झालं की त्याचं अर्धं काम तुम्हीच केलेलं असतं.

शिरोलीकर
बाप रे. म्हणजे आधी आमचाच मेलबॉक्स तपासायला हवा. काय बघायचं?

मुनीमजी
सेटिंगमध्ये जाऊन बाहेरच्या पत्त्यावर ऑटो-फॉरवर्ड चालू आहे का बघा. मग रूल्स किंवा फिल्टर बघा. payment, invoice, bank असे शब्द असलेले मेल आपोआप वाचलेले म्हणून खूण करून भलत्याच फोल्डरमध्ये टाकणारा रूल सापडला तर समजा पाहुणा घरात आहे. आउटलुकमध्ये बरेचदा RSS Feeds फोल्डर वापरतात, कारण तिथे कुणीच डोकावत नाही. असं काही दिसलं तर नुसता रूल पुसू नका. आधी सगळीकडून लॉगआउट, पासवर्ड बदल, दोन टप्प्यांचं लॉगिन. हे झाल्याशिवाय पत्र पाठवू नका. आणि accounts@ हा एकच पासवर्ड पाच जण वापरत असतील तर ते आधी थांबवा.

शिरोलीकर
मालकांचा मेल आणि accounts@ दोन्ही तपासले. रूल काही नाही. पण पासवर्ड खरंच चौघांकडे होता, बदलला. आता दुसरीच अडचण. "जुन्या बिलावरच्या नंबरवर फोन करा" म्हणावं, तर जुन्या बिलावरचा लँडलाइन दोन वर्षांपूर्वी बंद झालाय! आणि दुसरा नंबर सोडून गेलेल्या मार्केटिंगवाल्याचा.

उत्तरा_लंडन
ही अडचण जवळजवळ प्रत्येक सप्लायरची असते :) ग्राहकाच्या खरेदी विभागातला माणूस तुमच्या डिस्पॅचवाल्याशी आठवड्यातून दोनदा बोलत असेल ना? तो नंबर चालतो. ओळखीचा आवाज पत्रापेक्षा भारी. फक्त डिस्पॅचवाल्याला सांगून ठेवा की खात्याचा विषय निघाला तर स्वतः काही बोलायचं नाही, फोन तुम्हाला द्यायचा.

कर_सल्लागार
मुनीमजींचं पटलं. मग एक सुचवतो: पत्रात पूर्ण क्रमांकच नको. मेलमध्ये शेवटचे चार अंक, आणि पूर्ण क्रमांक सहीशिक्क्याच्या कागदावर, मालाच्या गाडीबरोबर चलनाच्या पाकिटात. चोराला गाडी पाठवता येत नाही.

झणझणीत
हे मात्र आवडलं. आमच्या टेम्पोवाल्याचा पगार वाढवायला लागणार.

मुनीमजी
चांगली सूचना. मेल चाळणाऱ्याला चार अंकांवरून खोटं 'जुळणारं' खातं आणणं अवघड. पण मोठ्या कंपन्या गाडीतलं पाकीट घेणार नाहीत. त्यांच्या व्हेंडर पोर्टलवरच अर्ज, तिथेच चेक अपलोड. त्यांना वेगळं हाताळा. मंजुरीला वेळ लागतो, महिनाअखेर त्यांच्याकडे बदल बंद असतात, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करा. आणि सत्तर जणांना एका दिवशी पाठवू नका. दहा-दहाच्या गटाने पाठवा, नाहीतर खात्रीचे फोन येतील तेव्हा उचलायला कुणी नसेल, आणि फोन उचलला नाही की माणूस मेलवर विचारतो.

शिरोलीकर
नवा मसुदा. झोडून काढा.

"विषय: आमच्या बँक खात्यातील बदल. रक्कम भरण्यापूर्वी फोनवरून खात्री करावी.

महोदय,
१ जुलैपासून आमचे खाते अमुक बँकेच्या अमुक शाखेत राहील. खातेधारकाचे नाव बदललेले नाही. ते आमच्या जीएसटी नोंदणीतील नावाप्रमाणेच आहे. नव्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक xxxx. पूर्ण क्रमांक या मेलमध्ये मुद्दाम दिलेला नाही. तो आमच्या सहीशिक्क्याच्या पत्राने मालासोबत येईल.

ते पत्र मिळाल्यावर, आपल्याकडे पूर्वीपासून असलेल्या आमच्या क्रमांकावर किंवा आपल्या नेहमीच्या संपर्कातील आमच्या व्यक्तीस आपण स्वतः फोन करावा आणि खाते क्रमांक आमच्याकडून वाचून घ्यावा. त्यानंतर एक लहान रक्कम पाठवून पाहावी. ती किती मिळाली हे आम्ही फोनवर सांगू. रक्कम जुळल्यावरच पुढील बिले भरावीत.

या पत्रात दुरुस्ती करणारे कोणतेही पत्र, मेल किंवा व्हॉट्सॲप संदेश आम्ही पाठवणार नाही. तसे काही आल्यास, ते आमच्याच पत्त्यावरून आले तरी, खोटे समजून आम्हाला फोन करावा.

खात्री होईपर्यंत पेमेंट थांबवल्यास आमची हरकत नाही. ३० सप्टेंबरपर्यंत जुने खातेही चालू राहील."

मुनीमजी
"आमच्याच पत्त्यावरून आले तरी" हे फार चांगलं केलंत. लहान रकमेबद्दल ग्राहकाला फोनवर सांगा की एक रुपया नको, सतरा, त्रेचाळीस असा काहीही आकडा निवडा आणि आम्हाला सांगू नका. आम्ही स्टेटमेंट बघून सांगतो. एक रुपया सगळेच पाठवतात, चोरही अंदाजाने "एक रुपया मिळाला" म्हणेल. आणि हे विचारणं फोनवरच. मेलवर विचारलं तर चोर त्याच्या खात्यात आलेले सतरा रुपये बघून बरोबर उत्तर देईल.

३० सप्टेंबरबद्दल मात्र नव्या बँकेला विचारलंत का? टेकओव्हरच्या अटीत जुनं खातं अमुक दिवसांत बंद करा असं असतं. बंद झाल्यावर कुणी चुकून तिथे पाठवलं तर एनईएफटी परत जाते, पैसे बुडत नाहीत, फक्त तुमचे दिवस जातात. पण हातात पुढच्या तारखांचे चेक असतील तर ते जुन्या बँकेत लावलेले नाहीत ना बघा.

शिरोलीकर
मालकांना एक वाक्य खटकतंय, "पेमेंट थांबवल्यास हरकत नाही". म्हणतात, असं लिहिलं तर आपले ग्राहक दिवाळीपर्यंत थांबतील. ४५ दिवसांचा एमएसएमईचा नियम आहे, त्यावरचं व्याज सोडायचं का?

कर_सल्लागार
मालक बरोबर. हे वाक्य काढा. लेखी दिलंत की उद्या थकबाकीच्या दाव्यात तुमचंच पत्र तुमच्यासमोर ठेवतील.

उत्तरा_लंडन
मी पैसे भरणाऱ्या बाजूने सांगते, ते वाक्य ठेवा. चोराच्या प्रत्येक मेलमध्ये घाई असते. घाई नसलेलं पत्र हीच माझ्यासाठी एक खूण असते.

मुनीमजी
मधला मार्ग: "खात्रीसाठी कामकाजाचे सात दिवस लागल्यास आमची हरकत नाही." व्याजाचं कर_सल्लागारांनी बघावं.

मंदाताई
एक विचारू? एवढं करूनही एखाद्याने चोराच्या खात्यात भरलेच, तर ते पैसे कुणाचे गेले? तुमचे की त्याचे?

कर_सल्लागार
त्याचेच. मला मिळाले नाहीत म्हणजे बाकी कायम.

द्राक्षबाग_निफाड
इतकं सोपं नाही हो. चोराचा मेल माझ्याच मेलबॉक्समधून गेला असता तर बायर म्हणाला असता, तुमच्या दारातून चोर आला, आम्ही का भोगावं? वर्षानुवर्षांचा बायर, कोर्टात कोण जाणार?

मुनीमजी
आमच्या ग्रुपने आणि सप्लायरने शेवटी निम्मं-निम्मं केलं, कायदा न बघता. कायद्याने काय झालं असतं यावर दोन वकिलांची दोन मतं होती. मंदाताई, आधी मात्र १९३० आणि आपली बँक, त्याच तासात. पैसे पुढच्या खात्यांत फुटायच्या आत होल्ड लागला तर काही सापडतात.

शिरोलीकर
अपडेट. पहिले दहा गेले. सात जणांनी फोन केले. एकाने त्रेपन्न रुपये पाठवले आणि डिस्पॅचच्या पोराला विचारलं, त्याने नीट मला जोडून दिला. एका मोठ्या कंपनीचं पोर्टल म्हणतंय, जुन्या बँकेचं नो-ड्यूज पत्र जोडा, आणि ती बँक म्हणते खातं बंद झाल्यावरच देऊ. दोघांनी पत्र न वाचताच जुन्या खात्यात भरले.

आणि दहाव्याने पाकीट मिळाल्यावर आमच्या accounts@ ला मेल केलाय: "पत्र मिळाले, पूर्ण क्रमांक मेलवरही पाठवा, सिस्टीममध्ये कॉपी-पेस्ट करायला बरे पडते." आता त्याला काय उत्तर देऊ?

मुनीमजी
मेलने काहीच नको. फोन उचला.